सव्वातीन फुटी पॅसेज: रंगकामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर

एरंडवण्यातलं घर. ऐंशीच्या दशकातली इमारत, शेजारशेजारचे दोन फ्लॅट जोडून घेतलेले. पुण्यात जोडून घेतलेल्या घरांत हमखास दिसतो तसा मधोमध एक बोळ उरलाय. हॉलमधून आत शिरलं की अठरा फूट सरळ पॅसेज. रुंदी सव्वातीन फूट, उंची सव्वानऊ फूट. उजवीकडे मध्यावर बाथरूमचं दार, अगदी शेवटी डावी-उजवीकडे समोरासमोर दोन बेडरूमची दारं आणि त्यापुढे कोरी भिंत. खिडकी कुठेच नाही.

काकूंचं म्हणणं एका वाक्यात: "दुपारी बारा वाजतासुद्धा इथनं जाताना बोगद्यातून गेल्यासारखं वाटतं, काहीतरी कर." भिंत हलवायची नाही, फॉल्स सीलिंग नको, आरसे काकांना आवडत नाहीत. म्हणजे उरलं रंगकाम आणि थोडं लाइटचं काम. मला यात अडचण वाटत नाही. सव्वातीन फूट म्हणजे एक माणूस आरामात जातो, समोरून दुसरा आला तर दोघांनाही खांदा तिरका करावा लागतो. हे रंगाने बदलणार नाही आणि काकूंना तसं स्पष्ट सांगितलंय. बदलायचं आहे ते दाराशी उभं राहिल्यावर डोळ्यांना काय दिसतं ते.

४ नोव्हेंबर

आज काही न करता नुसतं बघितलं. हॉलच्या तोंडाशी उभं राहून फोनवर फोटो काढला आणि तो कृष्णधवल केला. हे मी प्रत्येक पॅसेजच्या कामात करते, कारण रंग काढून टाकला की फक्त उजेड-अंधाराची मांडणी उरते आणि बोगदा कशाने होतोय ते लगेच कळतं.

या फोटोत तीन गोष्टी दिसल्या. एक, ट्यूबलाइट हॉलच्या टोकाला आहे, त्यामुळे पहिले पाच-सहा फूट उजळ आणि पुढे अंधार वाढत जातो. शेवटची भिंत दिसतच नाही, काळी पोकळी दिसते. दुसरं, भिंती मळक्या क्रीम आणि दारांच्या चौकटी गडद चॉकलेटी. एकामागून एक उभ्या काळ्या चौकटी लहान लहान होत जाताना दिसतात आणि नजर आपोआप त्यांच्यावरून मोजत आत जाते. तिसरं, छत शुभ्र आणि भिंती क्रीम, त्यामुळे दोन्ही बाजूंना छताची कड रेघ मारल्यासारखी उठून दिसते. अठरा फूट धावणाऱ्या या दोन रेघा लांब अंतरावर एकत्र येताना दिसतात. लांबीचा भास यांनीच वाढवलाय.

एक गोष्ट मात्र नशिबाने चांगली आहे. फरशी जुनी राखाडी मोझेकची आणि स्कर्टिंगही त्याच मोझेकचं, सहा इंच. स्कर्टिंग फरशीच्या रंगाचं असलं की फरशीच दोन्हीकडे थोडी वर चढल्यासारखी दिसते आणि जमीन रुंद वाटते. स्कर्टिंगला हात लावायचा नाही. काकूंचा भाचा त्यावर पांढरा टाइल पेंट मारा म्हणत होता. तसं केलं तर पोच्याच्या रोजच्या घासण्याने तो सुटतो आणि वर दोन नव्या रेघा तयार होतात.

६ नोव्हेंबर

शेड ठरवायचा दिवस. सगळा जीव यातच आहे, म्हणून सविस्तर लिहून ठेवते.

काकूंना पिवळसर क्रीमच हवं होतं, "उबदार वाटतं" म्हणून. शेडकार्डवरचा त्यांच्या आवडीचा तुकडा खरोखर छान आहे. पण अरुंद पॅसेजमध्ये शेडकार्डवर विसंबून चालत नाही. दोन भिंती सव्वातीन फुटांवर एकमेकींसमोर आहेत, त्यामुळे उजेड एका भिंतीवरून दुसरीवर आणि परत पहिलीवर असा आपटत राहतो. प्रत्येक वेळी भिंत त्यातला काही भाग खाते. समजा, रंग लाल-पिवळ्या उजेडातला ८० टक्के परत फेकतो आणि निळ्यातला ६५ टक्के. एकदा आपटल्यावर फरक ८० आणि ६५, म्हणजे हलकासा पिवळेपणा. तीन वेळा आपटल्यावर उरतात ५१ आणि २७. तोच रंग आता चांगलाच पिवळा झालेला असतो. मोठ्या हॉलमध्ये समोरची भिंत दूर असते, खिडकीतून ताजा उजेड येत राहतो, म्हणून तिथे हे फारसं जाणवत नाही. बोळात जाणवतं.

हाच हिशोब उजेडालाही लागू. ८० टक्के परत देणारा रंग तिसऱ्या आपटीनंतरही निम्मा उजेड राखतो. ६० टक्के परत देणारा जेमतेम २२. म्हणून बाजूच्या भिंतींना नुसता फिका रंग पुरत नाही, खूपच फिका लागतो. बऱ्याच रंग कंपन्या शेडचा एलआरव्ही देतात, म्हणजे शंभरपैकी किती उजेड भिंत परत फेकते तो आकडा. बाजूच्या भिंतींसाठी मी ७५च्या खाली उतरत नाही.

मग शुद्ध पांढरा का नाही? कमी उजेडात शुद्ध पांढरा राखाडी आणि निळसर दिसतो, शाळेच्या व्हरांड्यासारखा. म्हणून काकूंच्या आवडीच्या क्रीमच्याच पट्टीतला, पण दोन घरं वरचा शेड घेतला, ज्यात पिवळा जेमतेम आहे आणि किंचित राखाडी मिसळलेला आहे. कार्डवर तो अगदी पांढराच दिसतो.

काकू म्हणाल्या, "हा पांढराच आहे की गं."

मी दोन्ही शेडच्या छोट्या सॅम्पल बाटल्या आणल्या होत्या. रंगारी दत्तूभाऊंनी पॅसेजच्या मध्यावर, समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर, दोन-दोन फुटांचे चौकोन दोन हात मारून रंगवले. सॅम्पल एकाच भिंतीवर मारलं तर समोरची जुनी मळकी भिंत आपला रंग त्यावर टाकते आणि निकाल चुकतो, म्हणून दोन्हीकडे. वाळल्यावर काकूंचा क्रीम लोण्यासारखा पिवळा दिसायला लागला आणि माझा "पांढरा" बरोबर त्यांच्या कार्डवरच्या क्रीमसारखा. त्यांनीच बोट ठेवून तो निवडला.

७ नोव्हेंबर

भाचा आज घरी होता. त्याने आडव्या पट्ट्यांची चित्रं दाखवली: "आडवे पट्टे मारले की जागा रुंद दिसते." बरोबर आहे, पण ज्या भिंतीकडे आपण तोंड करून उभे असतो तिच्याबाबत. पॅसेजमध्ये बाजूच्या भिंती आपण समोरून कधी बघतच नाही, कडेने बघतो. त्यांवरचे आडवे पट्टे लांबीच्या दिशेने धावतात आणि नजरेला रुळासारखे आत ओढून नेतात. पॅसेज आणखी लांब, म्हणजे त्या मानाने आणखी अरुंद. खाली गडद आणि वर फिका असा अर्ध्या भिंतीचा रंग, जो जिन्यांत आणि दवाखान्यांत असतो, तोही याच कारणाने नको.

बोळाला उलट आडवं कापावं लागतं. म्हणून बेत असा: बाजूच्या भिंती, छत, दारं, चौकटी सगळं एकाच फिक्या रंगात, म्हणजे कुठलीच रेघ लांबीच्या दिशेने धावणार नाही. आणि शेवटची भिंत गडद, उबदार रंगात. गडद, उष्ण रंगाची भिंत जवळ आल्यासारखी वाटते. लांबी कमी वाटली की रुंदी आपोआप बरी वाटते, कारण आपण दोन्ही एकमेकांच्या तुलनेतच बघतो.

छताला एक शेड गडद देऊन ते खाली आणावं का, याचाही विचार केला. उंची रुंदीच्या जवळजवळ तिप्पट आहे, त्यामुळे कागदावर ते पटतं. पण छत आणि भिंत यांची कड या जुन्या घरात सरळ नाही, मध्ये तिला अर्ध्या इंचाचा बाक आहे. दोन रंगांची सीमा तिथे आली की तो बाक ओरडून दिसेल, शिवाय त्याच दोन धावत्या रेघा परत येतील. छत भिंतीच्याच रंगाचं.

शेवटच्या भिंतीसाठी विटकरी कार्डशीट आणून टेपने चिकटवून बघितली. फक्त भिंतीवर लावली तर नळीच्या टोकाला झाकण बसवल्यासारखं दिसलं. मग रंग कोपऱ्यावरून वळवून दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, बेडरूमच्या चौकटींपर्यंत आणला. तिथे दोन्हीकडे चौदा इंच जागा आहे. छतावरही तेवढाच पट्टा. आता त्या टोकाला खोलपणा आला, नुसता पत्रा राहिला नाही. जणू पॅसेज संपून तिथे एक छोटा कोनाडा सुरू होतो. काकांनाही हे पहिल्यांदाच पटलं. ते एरवी कामात बोलत नाहीत.

९ नोव्हेंबर

रंगाआधी लाइट. गडद भिंत अंधारात ठेवली तर ती जवळ येत नाही, भोक होते. आत्ता जी पोकळी दिसते तीच पुन्हा. म्हणून इलेक्ट्रिशियनकडून ट्यूबलाइट काढून छताला तीन एलईडी दिवे लावून घेतले: एक शेवटच्या भिंतीपासून दीड फुटावर, म्हणजे उजेड भिंतीवरून खाली ओघळेल, आणि दोन उरलेल्या लांबीत. झोत अरुंद असलेले स्पॉट घेतले नाहीत, कारण त्यांनी भिंतींवर कमानी पडतात आणि वरचा भाग काळा राहतो. उजेड ४००० केल्विनचा, म्हणजे ना फार पिवळा ना निळसर. विटकरी रंग थंड पांढऱ्या उजेडात मेल्यासारखा दिसतो.

वायरिंगसाठी फोडलेल्या झिऱ्या आत्ताच भरल्या, म्हणजे रंग झाल्यावर कोणी छिन्नी घेऊन येणार नाही.

१० ते १४ नोव्हेंबर

लांबी, म्हणजे पुट्टी, भरण्याचे दिवस. यात सांगण्यासारखं थोडं, पण वेळ सगळा इथेच जातो.

बाथरूमच्या भिंतीवर आधी ओलीची तपासणी केली: हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने बंद करून चोवीस तास ठेवला. भिंतीकडच्या बाजूने थेंब धरले नाहीत, म्हणजे ओल नाही. धरले असते तर काम इथेच थांबवून आधी प्लंबर. ओल्या भिंतीवर कितीही चांगली लांबी भरली तरी दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात.

दोन फ्लॅट जोडले त्या जागी, डाव्या भिंतीवर, केसासारखी उभी चीर होती. ती व्ही आकारात खरवडून भरली, वर जाळीची पट्टी आणि मग लांबी. नुसती भरून टाकली असती तर जुन्या-नव्या बांधकामाच्या हालचालीने पुन्हा दिसली असती.

पॅसेजमधली भिंत हॉलच्या भिंतीपेक्षा जास्त सपाट लागते. आपण तिच्याकडे सतत तिरक्या नजरेने बघतो आणि उजेडही तिरका पडतो, त्यामुळे पट्टीची प्रत्येक रेघ दिसते. दत्तूभाऊंनी लांबीचे दोन हात दिले, प्रत्येक हात पुरता वाळू दिला आणि १८० नंबरच्या काचकागदाने घोटलं. मग संध्याकाळी सगळे दिवे बंद करून बॅटरी भिंतीला टेकवून, वरून खाली सावकाश फिरवली. समोरून गुळगुळीत वाटणाऱ्या भिंतीवर बॅटरीच्या उजेडात खळगे सावल्या टाकतात. जिथे सावली दिसली तिथे पेन्सिलने गोल केला, तेवढीच लांबी परत, परत घोटणं. बाथरूमच्या दाराच्या वर असे बरेच गोल निघाले.

"ताई, एवढं कुणी बघत नाही," दत्तूभाऊ म्हणाले. पण घोटलं त्यांनीच, आणि मन लावून.

शेवटी पाण्याच्या प्रायमरचा एक हात. विटकरी यायची त्या जागी प्रायमरमध्ये राखाडी स्टेनर घातला. गडद शेडच्या बेसमध्ये पांढरं पिगमेंट कमी असतं, तो शुभ्र भिंतीला लवकर झाकत नाही. खाली राखाडी असली की एखादा हात वाचतो.

१५-१६ नोव्हेंबर

दारं आणि चौकटी. त्यांवर जुना ऑइल पेंट आहे, वर थेट रंग बसत नाही. चमक पूर्ण मरेपर्यंत घासलं, पुसलं, पकड धरणारा प्रायमर लावला. दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यात नखाने ओरखडून बघितलं. सुटला नाही, तेव्हाच पुढे गेलो.

वरचा रंग भिंतीच्याच शेडमध्ये, पण पाण्यातला इनॅमल. दुकानदार ऑइलवालाच देत होता, स्वस्त आणि टिकाऊ म्हणून. हॉलच्या दारांना तो चालला असता. पण पांढऱ्याजवळचा ऑइल इनॅमल अंधाऱ्या जागेत पिवळा पडत जातो, आणि या पॅसेजला दिवसाचा उजेड नाही. वर्षभरात चौकटी भिंतीपासून वेगळ्या दिसायला लागल्या असत्या आणि उभ्या रेघांची रांग परत आली असती.

काकूंना दारं भिंतीत हरवतील अशी भीती होती. पितळी हँडल तसेच ठेवले, तेवढी खूण पुरे.

१७ नोव्हेंबर

बाजूच्या भिंती आणि छत. हिशोब: तिन्ही दारं आणि विटकरी भाग वजा जाता भिंती अडीचशे चौरस फुटांच्या आसपास, छत पंचावन्न. लांबी-प्रायमर झालेल्या भिंतीवर एक लिटर इमल्शन दोन हातांना सुमारे १२० ते १४० चौरस फूट जातं. म्हणजे अडीच लिटर. एकेक लिटरचे तीन डबे न घेता चार लिटरचा एकच घेतला, कारण मशीनवर वेगवेगळे मिसळलेले डबे किंचित फरक दाखवू शकतात आणि एका भिंतीच्या मध्यात तो फरक लपत नाही.

फिनिश मॅट, पण पुसता येणारा. चमक असलेल्या इमल्शनने उजेड वाढेल असं बऱ्याच जणांना वाटतं. समोरून बघायच्या भिंतीवर ते काही अंशी ठीक आहे. पॅसेजमध्ये तिरक्या नजरेमुळे सौम्य चमकसुद्धा आरशासारखी वागते: दिव्यांचे लांबट पट्टे भिंतीवर उमटतात आणि रोलरच्या जोडण्या, दुरुस्त्या सगळं उघडं पडतं. मॅट उजेड सगळीकडे सारखा पसरवतो. शिवाय पिशव्या-कोपरं घासून डाग पडला तर मॅटवर तेवढ्यापुरता हात मारता येतो, चमकदार रंगावर तो ठिगळासारखा दिसतो.

एक जण ब्रशने कडा कापत पुढे आणि मागून दत्तूभाऊ रोलरने, अशी एक पूर्ण भिंत न थांबता. रोलरचा शेवटचा फेरा नेहमी वरून खाली. मध्ये चहाला थांबलो ते भिंत संपल्यावरच. अर्धवट भिंतीची कड वाळली की जोड दिसतो. दोन हातांमध्ये चार तास.

१९ नोव्हेंबर

विटकरी. गेरूकडे झुकणारा, जरासा मळका शेड, एलआरव्ही पंचविसाच्या आसपास. याहून गडद घेतला असता तर शेजारच्या फिक्या भिंतींशी फारच तोडून दिसला असता.

चौकटीच्या बाहेरच्या कडेपर्यंत रंग आणायला सोपं, चौकटच सीमा होते. पण दाराच्या वरच्या दोन फुटांत आणि छतावर रेघ स्वतःच काढावी लागते. ओळंबा सोडून चौकटीच्या कडेतून वर खूण केली आणि टेप लावली. मग टेपच्या कडेवरून आधी भिंतीच्याच फिक्या रंगाचा एक हात फिरवला. टेपखाली जे झिरपायचं ते फिकंच झिरपतं आणि फट बुजते, वरून विटकरी मारला की आत जायला वाट नसते. टेप शेवटचा हात ओलसर असतानाच, तिरकी ओढून काढली. रेघ सुरीने कापल्यासारखी आली. दत्तूभाऊंनी मोबाइलवर फोटो काढून घेतला.

तीन हात लागले. एक लिटर पुरला.

२१ नोव्हेंबर

सामान परत जागेवर. पूर्वी दोन्ही भिंतींवर फोटोंच्या फ्रेम होत्या. आता फक्त डावीकडे, आणि त्याही पातळ पट्टीच्या. शेवटच्या भिंतीवर काकांनी काढलेलं सिंहगडाचं आडवं जलरंग चित्र, जवळजवळ भिंतभर. भाच्याला हवं होतं ते आडवेपण या एका ठिकाणी उपयोगी पडलं.

हॉलच्या तोंडाशी त्याच जागी उभं राहून पुन्हा फोटो काढला, कृष्णधवल केला. चौकटी भिंतीत विरल्यात, छताची कड शोधावी लागते आणि काळी पोकळी होती तिथे मध्यम राखाडी, स्पष्ट कडांची भिंत आहे. रंगीत फोटोत विटकरीचा गुलाबीसर उजेड शेजारच्या फिक्या भिंतीवर फूटभर सांडलाय. तो आपटणाऱ्या उजेडाचाच भाग आहे आणि मला तो आवडलाय. दोन रंगांमधली तोड त्याने मऊ झाली.

काकू दोनदा ये-जा करून म्हणाल्या, "शेवट जवळ आलाय." रुंदीबद्दल काही म्हणाल्या नाहीत, पण आत जाताना हात अंगाशी आवळून धरत होत्या ते आज धरले नाहीत.

उणीव एक आहे. दिवसा शेवटचा दिवा बंद असला तर विटकरी भाग पुन्हा गडद होतो आणि निम्मा परिणाम जातो. त्या एका दिव्याला हालचालीवर लागणारा सेन्सर लावायला सांगितलंय.

१८ डिसेंबर

रंग पक्का व्हायला तीन-चार आठवडे लागतात, म्हणून तोवर भिंत धुवू नका असं सांगून ठेवलं होतं. आज बघून आले. बाथरूमच्या दारापाशी ओल्या हातांचे ठसे होते, ओल्या मऊ फडक्याने निघाले. जोडाची चीर वर आलेली नाही. खरी परीक्षा उन्हाळ्यात, तेव्हा पुन्हा बॅटरी टेकवून बघायची आहे. सेन्सर लागलाय. उरलेला सव्वा लिटर फिका रंग घट्ट बंद करून, डब्यावर शेड कोड, फिनिश आणि तारीख लिहून काकूंच्या माळ्यावर ठेवला. दर वर्षी दिवाळीआधी डाग पडलेल्या जागी त्यातूनच हात मारायचा, नवा डबा मिसळून आणायचा नाही.